बरणी तीच, टोपल्या किती?

"मी अमळनेर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सातवी-आठवीला गणित शिकवते. चक्रवाढ व्याज आणि महागाई मुलांना कळावी म्हणून मोबाईलवर तीन-चार मिनिटांची ॲनिमेशनची गोष्ट करतेय. मुक्ता नावाची मुलगी काचेच्या बरणीत पैसे साठवते आणि बरणी दर वर्षी मोठी होत जाते, अशी. कच्चा भाग वर्गात दाखवला तर एका मुलाने विचारलं, 'मॅडम, बरणीत पैसे आपोआप कसे वाढले?' पुढे महागाई दाखवायला मी नाणी लहान लहान होताना दाखवली, तर मुलं म्हणाली, 'नाणं झिजलं.' घरचे म्हणतात, व्याज आणि महागाई एकाच गोष्टीत घेऊ नकोस. काय बदलू?"
– एक शिक्षिका, अमळनेर तालुका

ताई,

त्या मुलाला माझ्याकडून शाबासकी द्या. त्याने नेमका दुखरा भाग पकडला. फडताळातल्या बरणीत पैसे वाढत नाहीत, हे त्याला घरच्या अनुभवाने माहीत आहे आणि तुमची गोष्ट त्याला उलटं सांगत होती. एकदा 'हे खरं नाही' असं मुलाला वाटलं की पुढची आकडेमोड कितीही बरोबर असो, ती त्याच्या लेखी जादूच राहते.

म्हणून पहिला बदल: एका बरणीऐवजी तीन बरण्या घ्या, तिन्ही एकाच मापाच्या. यात्रेत मिळालेले, मामाने दिलेले, असे प्रत्येक बरणीत मुक्ताचे हजार रुपये जमलेत असं धरा. एकसारखी तीन भावंडं मानून तिघांकडे हजार-हजार दिले तरी चालेल. पहिली बरणी घरात फडताळावर. दुसरी पोस्टाच्या बचत खात्याची, जिथे वर्षाला ४ टक्के व्याज मिळतं. तिसरी मुदत ठेवीची, तिला आपण गोष्टीपुरतं वर्षाला ७ टक्के धरू, आणि व्याज काढून न घेता त्याच ठेवीत राहू देऊ. पहिल्या बरणीत दहा वर्षांत एकही नाणं वाढणार नाही. हे पडद्यावर दिसलं की त्या मुलाचा प्रश्न उरत नाही, उलट तो गोष्टीचा पायाच होतो.

मग तिसऱ्या बरणीत नाणी येतात कुठून? हे वीस सेकंदांत दाखवा, टाळू नका. ठेवीचे पैसे बँकेतून एका शेतकऱ्याकडे जातात, तो कर्जावर शेतात ठिबकच्या नळ्या टाकतो, माल निघतो, विकतो आणि कर्ज व्याजासकट फेडतो. त्या व्याजातला काही भाग बँक खर्चासाठी ठेवते आणि उरलेला मुक्ताच्या बरणीत पडतो. चार चित्रं पुरतात. कर्ज, हप्ता, ठिबक हे शब्द तुमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी जेवताना ऐकलेले असतात.

पडद्यावर 'वर्षाला' हा शब्द मात्र प्रत्येक टक्क्याच्या शेजारी लिहा. आपल्याकडे खेड्यात हातउसने पैसे 'शेकडा दोन' किंवा 'शेकडा तीन'ने मिळतात आणि तो हिशोब महिन्याचा असतो. मूल घरी तेच ऐकतं आणि ७ टक्के म्हणजे महिन्याला ७ समजतं. शेकडा तीनचं कर्ज वर्षभर फेडलंच नाही आणि व्याजावर व्याज चढत गेलं, तर शंभराचे वर्षाअखेर जवळजवळ १४३ होतात. हे आठवीला वेगळ्या तासाला नक्की सांगा. गोष्टीत घालू नका, धागा तुटेल.

आता नाण्यांकडे येऊ. चित्र काढण्यापेक्षा खऱ्या वस्तूंचे फोटो एकामागून एक जोडणं तुम्हाला सोपं जाईल, आणि नाण्यांऐवजी चिंचोके वापरा. एक चिंचोका म्हणजे दहा रुपये, म्हणजे प्रत्येक बरणीत सुरुवातीला शंभर. चिंचोक्यांना तीन रंग द्या. मुक्ताने स्वतः टाकलेले पिवळे. त्या शंभर पिवळ्यांवर मिळालेलं व्याज हिरवं. हिरव्यांवर, आणि पुढे लालांवरही, मिळालेलं व्याज लाल. चक्रवाढ व्याज म्हणजे काय हे मला विचाराल तर मी एवढंच सांगेन की बरणीत लाल चिंचोके आले की ती चक्रवाढ. सरळव्याजात लाल कधीच येत नाहीत.

तिसऱ्या बरणीत दर वर्षी हिरवे सातच पडतात, न चुकता. पहिल्या वर्षी लाल एकही नाही, म्हणून पहिल्या वर्षी सरळव्याज आणि चक्रवाढ व्याज यांत फरकच दिसत नाही. मुलं इथेच कंटाळतात. पाचव्या वर्षाअखेर १०० पिवळे, ३५ हिरवे आणि ५ लाल, मिळून १४०. दहाव्या वर्षाअखेर १०० पिवळे, ७० हिरवे, २७ लाल, मिळून १९७. तेव्हाही लाल हिरव्यांच्या निम्मेसुद्धा नसतात. लाल हिरव्यांच्या पुढे जातात ते थेट विसाव्या वर्षी: १४० हिरवे आणि १४७ लाल. म्हणून चक्रवाढ दाखवायला दहा वर्षं थोडी कमीच पडतात, हे खरं आहे. पण सातवीतल्या मुलाला वीस वर्षांनंतरचं डोळ्यांसमोर आणता येत नाही, आणि ३८७ चिंचोके तुमच्या बरणीत मावणारही नाहीत. दहाच ठेवा. विसाव्या वर्षाचे आकडे फळ्यावर काढून द्या.

लाल चिंचोका न येण्याची गोष्टही याच रंगांनी सांगता येते. दर वर्षीचं व्याज काढून घेतलं आणि खर्च केलं, तर बरणीत कायम शंभर पिवळेच राहतात आणि हातात दर वर्षी सात हिरवे येतात, बस. पोस्टाच्या मुदत ठेवीत व्याज दर वर्षी देय होतं, आणि ते तुम्ही उचललं नाही तरी त्या पडून राहिलेल्या व्याजावर वेगळं व्याज मिळत नाही. राष्ट्रीय बचत पत्रात मात्र वर्षाचं व्याज मुद्दलात मिसळत जातं आणि शेवटी एकदम हातात येतं. दोन्ही कागद एकाच खिडकीवर मिळतात, पण एकात लाल चिंचोका आहे आणि दुसऱ्यात नाही. पालकसभेत गोष्ट दाखवणार असाल तर एवढं जरूर बोला.

आता तीन चुका सांगतो. या विषयाच्या ॲनिमेशनमध्ये त्या फार होतात आणि त्या आकड्यांत नसतात, चित्रात असतात.

पहिली तुमच्याकडे झालीच आहे: बरणी मोठी होत जाते. पैसे दुप्पट झाले म्हणून तुम्ही बरणीची उंची दुप्पट केली, आणि ती बेढब दिसू नये म्हणून रुंदीही दुप्पट केली, तर पडद्यावर तिने चौपट जागा व्यापली. शिवाय बरणी ही आत माल मावणारी वस्तू, म्हणून डोळा मनातल्या मनात तिची खोलीही वाढवतो आणि ती आठपट वाटते. मूल पैसे आठपट झाले असं समजूनच उठतं. बरणी अजिबात वाढवू नका. उभी, सरळ अंगाची, अरुंद बरणी घ्या, म्हणजे आतली पातळी वर चढताना दिसेल. चिंचोके वाकडेतिकडे बसतात, म्हणून आधी वीस-वीस मोजून टाका, बरणी हलकेच आपटा आणि प्रत्येक विसाला बाहेरून कागदाच्या पट्टीवर खूण करा. तिन्ही बरण्यांना तीच पट्टी.

दुसरी चूक वेळेची. फोटो काढताना माणूस सहज एका फोटोला एक चिंचोका टाकत जातो. मग पडद्यावर सगळे चिंचोके एकाच चालीने पडतात आणि वाढीचा वेग वाढतोय हे दिसतच नाही. फक्त पुढची वर्षं लांबलेली वाटतात. तसं नको. प्रत्येक वर्षाला सारखाच वेळ द्या. सेकंदाला दहा फोटो धरले तर एका वर्षाला वीस फोटो, म्हणजे दोन सेकंद. पहिल्या वर्षी त्या वीस फोटोंत सात चिंचोके विखरून टाका, साधारण दर तिसऱ्या फोटोला एक. दहाव्या वर्षी तेवढ्याच वीस फोटोंत तेरा पडतील. प्रत्येक चिंचोका पडतानाचा टक असा आवाज ठेवा. सुरुवातीला आवाज सुटा सुटा येईल आणि शेवटी दाट होत जाईल. चक्रवाढ कानांनी कळते, हे मी एकदा मुलांना डोळे मिटून ऐकायला लावून पाहिलं आहे. तिन्ही बरण्या एकाच चौकटीत ठेवल्यात तर दहा वर्षांचे मिळून दोनशे फोटो होतील. दोन दुपारींचं काम आहे.

तिसरी चूक पूर्णांकांची. अर्धा चिंचोका टाकता येत नाही, म्हणून दर वर्षी अपूर्णांक सोडून दिला जातो. दुसऱ्या वर्षीचं व्याज ७.४९, आपण सात धरतो. तिसऱ्या वर्षी ७.९८, तरी सातच. असं करत गेलात तर दहा वर्षांनी बरणीत १९७ ऐवजी १९० चिंचोके राहतात. सात चिंचोके म्हणजे सत्तर रुपये कुठे गेले, हे वहीत गणित केलेलं मूल विचारेल, आणि त्याचं बरोबर असेल. म्हणून हिशोब कागदावर पैशांपर्यंत चालू ठेवा आणि फक्त वर्षाअखेरची एकूण बेरीज जवळच्या पूर्णांकाला आणा: १०७, ११४, १२२, १३१, १४०, १५०, १६१, १७२, १८४, १९७. यात एक तडजोड मी मुद्दाम केली आहे. तिसऱ्या वर्षीची खरी बेरीज १२२.५० आणि वर थोडी, म्हणजे नियमाने १२३ यायला हवेत. पण तसं केलं तर त्या वर्षी नऊ पडतात आणि चौथ्या वर्षी आठ, वेग मध्येच कमी झाल्यासारखा दिसतो. दुसऱ्या बरणीचे आकडेही देऊन ठेवतो: १०४, १०८, ११२, ११७, १२२, १२७, १३२, १३७, १४२, १४८.

आता महागाई. 'नाणं झिजलं' हे मुलांचं म्हणणं त्यांनी पाहिलं त्याच्याशी इमानी होतं. महागाईत नाण्याला काहीही होत नाही. दहाचं नाणं दहा वर्षांनीही दहाचंच असतं, तेवढंच जड आणि तेवढंच गोल. बदलते ती समोरच्या वस्तूवरची पाटी. म्हणून बरण्यांच्या समोर एक टोपली ठेवा आणि टोपलीवर पुठ्ठ्याची पाटी: आज शंभर रुपये, म्हणजे दहा चिंचोके. बरण्यांत चिंचोके पडत असताना त्याच चौकटीत ही पाटी बदलत राहील. वर्षाला ५ टक्के महागाई धरली तर पाटीवर १००, १०५, ११०, ११६, १२२, १२८, १३४, १४१, १४८, १५५ आणि दहाव्या वर्षी १६३ येतील. नीट पाहा, शंभरावर पाच-पाच करत गेलो असतो तर दीडशेच झाले असते. वरचे तेरा रुपये कुठून आले? महागाईसुद्धा वाढलेल्या भावावरच वाढते. तिच्यातही लाल चिंचोका आहे. म्हणूनच या दोन गोष्टी वेगळ्या काढू नका असं मी म्हणतो. दोन्ही चाकं एकाच घडणीची, एक बरणीच्या बाजूने फिरतं आणि दुसरं टोपलीच्या बाजूने.

टोपलीत काय ठेवायचं यावर मात्र जरा थांबायला हवं, कारण इथे खान्देशातली मुलं तुम्हाला अडवणार. टोपलीत एकटी केळी ठेवलीत तर रावेर-यावलकडे नातेवाईक असलेलं पोरगं लगेच म्हणेल, 'मॅडम, केळीचा भाव तर पडला, काका रडत होते.' भरिताची वांगी ठेवलीत तर हिवाळ्यात स्वस्त आणि उन्हाळ्यात महाग, हे प्रत्येक घराला ठाऊक. कापसाचंही तेच. एका वस्तूचा भाव खाली-वर होणं ही महागाई नव्हे; तो त्या वस्तूचा हंगाम, आवक, मागणी. महागाई म्हणजे घराला लागणाऱ्या सगळ्या वस्तूंची मिळून टोपली महाग होणं. सरकार ग्राहक किंमत निर्देशांक काढतं तोही असाच, धान्यापासून भाड्यापर्यंत बऱ्याच वस्तू-सेवांची एक ठरावीक टोपली धरून. तेव्हा टोपलीत थोडी ज्वारी, थोडी तूरडाळ, तेल, वांगी, केळी, अंगाचा साबण, एक वही आणि एसटीचं तिकीट ठेवा. वाटल्यास एका वर्षी केळीच्या घडाची छोटी पाटी खाली येताना दाखवा, आणि तरीही टोपलीची मोठी पाटी वर जाताना दाखवा. या एका दृश्यावर दहा सेकंद जास्त गेले तरी चालतील. मोठ्या माणसांचाही गोंधळ इथेच होतो.

५ टक्केच का, असं विचारतील. रिझर्व्ह बँकेला २०१६ पासून महागाई ४ टक्क्यांवर, फार तर २ ते ६ च्या दरम्यान, राखण्याचं उद्दिष्ट दिलेलं आहे. ५ त्या पट्ट्यातच बसतात. पण पडद्यावर 'गोष्टीपुरतं' असा शब्द टाका. खरी महागाई दर वर्षी वेगळी असते, ठेवीचे दरही बदलतात, आणि ज्या घरात दवाखाना किंवा कॉलेजची फी चालू आहे त्या घराची टोपली सरकारी टोपलीपेक्षा वेगाने महाग होते.

आणि आता गोष्टीचा कळस. दहाव्या वर्षाच्या शेवटी पाटीवर १६३ आहेत, म्हणजे एका टोपलीला सोळा चिंचोके आणि वर थोडं. तिन्ही बरण्या ओता आणि मिळतील तेवढ्या टोपल्या समोर मांडा. सुरुवातीला प्रत्येकीत दहा टोपल्यांचे पैसे होते, हे मुलांना आठवत असेल. फडताळावरच्या बरणीत अजून हजार रुपये आहेत, पण टोपल्या येतात सहा. बचत खात्याच्या बरणीत १४८० रुपये झालेत, टोपल्या येतात नऊ. मुदत ठेवीच्या बरणीत १९६७ रुपये, म्हणजे जवळजवळ दुप्पट, आणि टोपल्या येतात बारा.

सहा, नऊ, बारा. ताई, तुमची सगळी गोष्ट या तीन आकड्यांत आहे आणि त्यातही मधल्या बरणीत सगळ्यात जास्त आहे. पहिली बरणी घटली हे मुलांना पटतं. तिसरी वाढली हेही पटतं, फक्त दुप्पट पैशांच्या वीस टोपल्या न येता बाराच आल्या म्हणून थोडी चुटपुट लागते. पण मधल्या बरणीत पैसे वाढले, व्याज मिळालं, लाल चिंचोकेसुद्धा पडले, आणि तरी टोपली एक कमी झाली! व्याजाचा दर महागाईच्या दरापेक्षा कमी असला की असं होतं. या बरणीपाशी मुक्ताच्या आजीच्या तोंडी अहिराणीतलं एक वाक्य द्या: 'पैसा शे, पन टोपली कोठे शे?' मुलं ते घरी जाऊन म्हणतील.

मला हे पुस्तकातून कळलं नाही. माझ्या आईने म्हैस घ्यायची म्हणून पोस्टातलं दामदुप्पट होणारं पत्र घेतलं होतं. मुदत भरली, पैसे खरोखर दुप्पट हातात आले, आणि ती पिशवी घेऊन बाजारात गेली. त्या पैशांत म्हैस आली नाही, पारडी आली. आईचा हिशोब चुकला नव्हता. तिने पैसे दुप्पट होण्याचा काळ धरला होता, म्हशीची पाटी मात्र जिथे होती तिथेच आहे असं मानलं होतं. किसान विकास पत्राचा दर एप्रिल २०२३ मध्ये ७.५ टक्के झाला तेव्हा दुप्पट होण्याची मुदत ११५ महिने ठरली, म्हणजे नऊ वर्षं सात महिने. ७२ ला वर्षाच्या दराने भागलं की दुप्पट व्हायला किती वर्षं लागतात ते साधारण कळतं. आठवीच्या मुलांना ७२ ला ७.५ ने भागायला सांगा, ९.६ येईल, म्हणजे जवळजवळ तेच. मग लगेच ७२ ला महागाईच्या ५ ने भागायला सांगा. साधारण साडेचौदा वर्षांत टोपलीही दुप्पट महाग होते. एकच भागाकार दोन्हीकडे चालतो हे मुलांना फार आवडतं.

काही मुलं सरळ वजाबाकी करतील: सातातून पाच गेले, म्हणजे खरी वाढ दोन टक्के. करू द्या. ढोबळ हिशोबाला ती पुरते. नेमकं उत्तर दोनाच्या किंचित खाली येतं.

दोन गोष्टी गोष्टीत येऊ देऊ नका. तुमच्या गावात विप्रोच्या शेअरच्या कहाण्या घरोघरी आहेत. १९४५ साली अमळनेरातच सुरू झालेली कंपनी, त्यामुळे कुणी ना कुणी मूल तो विषय काढणारच. पण शेअरचा भाव वाढणं म्हणजे चक्रवाढ व्याज नव्हे. तिथे ठरलेला दर नाही, एखाद्या वर्षी चिंचोके बरणीतून बाहेरही जातात. त्यासाठी वेगळी गोष्ट लागेल. दुसरं म्हणजे, तिसऱ्या बरणीचा दर वाढवून १२-१३ टक्के करण्याचा मोह होईल, कारण पातळी भराभर चढते आणि दृश्य छान दिसतं. करू नका. आमच्या घरातल्या एका ठेवीला एका पतसंस्थेने असाच चढा दर कबूल केला होता. पासबुकात लाल चिंचोके दर वर्षी पडत राहिले आणि काढायला गेलो तेव्हा बरणीचं झाकण उघडेना. बँकेतल्या ठेवीला ठेवीदारामागे, व्याज धरून, ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचं कवच असतं, फेब्रुवारी २०२० पासून ते एवढं आहे. पतसंस्थेच्या ठेवीला ते कवच नसतं. जळगाव जिल्ह्यातल्या पालकांना हे समजावून सांगावं लागणार नाही, पण त्यांच्या मुलांनी तुमच्या पडद्यावर १३ टक्के हा साधा, रोजचा दर म्हणून पाहू नये असं मला मनापासून वाटतं.

शेवटी दाखवण्याची पद्धत. गोष्ट सलग लावू नका. दहाव्या वर्षाचे चिंचोके पडून झाले, पाटीवर १६३ आले, की तिथेच थांबवा. टोपल्या अजून मांडलेल्या नाहीत. मुलांना वहीत तीन आकडे लिहायला सांगा: कोणत्या बरणीतून किती टोपल्या. बोलू देऊ नका, नाहीतर हुशार मुलाचा आकडा सगळ्यांचा होतो. ज्यांनी १०, १५, २० लिहिलं त्यांनी फक्त चिंचोके पाहिले, पाटी पाहिली नाही. त्यांना पाटीचा भाग पुन्हा दाखवा. ज्यांनी ६, ६, ६ लिहिलं त्यांना महागाई कळली, पण बरण्यांमधला फरक निसटला. आणि जे मधल्या बरणीला दहापेक्षा कमी आणि सहापेक्षा जास्त असं काहीही लिहितील, सात असो की नऊ, त्यांना दोन्ही चाकं एकदम फिरताना दिसली. तो प्रश्न विचारणारा मुलगा काय लिहितो ते मला कळवा. त्याच्या वहीतला मधला आकडा पाहिल्याशिवाय गोष्टीचा पुढचा भाग जोडू नका.